नंबर गेला, तरी खातं उघडतं

फोन हरवला, सिमही गेलं, आणि गूगल खातं त्याच नंबरवर ओटीपी पाठवू पाहतंय. अशा वेळी पासवर्ड टाकल्यावर Try another way निवडा आणि आठ अंकी बॅकअप कोड भरा. हे दहा कोड सुरक्षा विभागातल्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये आधीच काढून ठेवावे लागतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना बाद. म्हणून जुना कागद फाडून टाका. कोड त्याच फोनमध्ये ठेवणं मला धोक्याचं वाटतं. कपाटातल्या फाइलमध्ये छापील प्रत बरी. आत शिरताच रिकव्हरी नंबर बदला. कोडच नसतील, तर मोबाइल कंपनीकडून त्याच नंबरचं सिम मिळवा. तेही अशक्य असेल, तर नेहमीच्या संगणकावरून, घरच्याच वायफायवरून g.co/recover उघडा.