निंदणाचा रोज आणि जिनिव्हाचा करार

आजच्या भागाचा हा लिखित उतारा.

सेवाग्रामच्या आसपासच्या कपाशीच्या शेतात निंदण बहुतेक बायाच करतात आणि फवारणी, डवरणी पुरुष. समजा, बाईला २५० रुपये रोज आणि पुरुषाला ४००. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘काम वेगळं आहे ना!’ पण काम वेगळं म्हणून मोल कमी, असं असतं का?

याच प्रश्नावर १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं, म्हणजे आयएलओनं, करार क्रमांक १०० मंजूर केला. जिनिव्हातल्या तिच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक प्रतिनिधी मत देतो. दोन-तृतीयांश मतं पडली की करार मंजूर. पण तो देशाला लगेच लागू होत नाही, त्यासाठी सरकारनं त्याला मान्यता द्यावी लागते. भारतानं ती २५ सप्टेंबर १९५८ रोजी दिली. समान वेतनाचा कायदा मात्र आला १९७६ मध्ये!

मान्यता दिली की हिशेब द्यावा लागतो. अशा मूलभूत करारावर सरकार साधारण दर तीन वर्षांनी अहवाल पाठवतं. त्याची प्रत देशातल्या कामगार आणि मालक संघटनांनाही द्यावी लागते, आणि त्या आपलं म्हणणं वेगळं पाठवू शकतात. हे सगळं वीस तज्ज्ञांची समिती वाचते. किरकोळ शंका असेल तर ती सरकारला थेट विचारते. गंभीर असेल तर जाहीर निरीक्षण छापते. त्यातली निवडक प्रकरणं जूनच्या परिषदेत सगळ्यांसमोर चर्चेला येतात.

भारताबाबत या समितीनं वारंवार एकच गोष्ट सांगितली. आपला कायदा ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम’ म्हणतो, करार मात्र ‘समान मूल्याचं काम’ म्हणतो. फरक मोठा आहे. आपल्या कायद्यानं निंदण आणि फवारणी ही दोन वेगळी कामं, त्यामुळे तुलनाच होत नाही. कराराप्रमाणे दोन्हींतलं कौशल्य, कष्ट, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती तपासून मोल ठरवायला हवं. दिवसभर उन्हात वाकून पीक न दुखवता तण काढणं हेही कसबच आहे! २०१९ च्या वेतन संहितेतही तीच अरुंद शब्दरचना राहिली.

मर्यादाही ऐका. समिती दंड करू शकत नाही, कोणाला आत टाकू शकत नाही. शेतातली बाई एकटी तिथं तक्रार करू शकत नाही, ती कामगार संघटनेमार्फतच जाते. आणि बांधावर संघटनाच नसेल, तर अहवालात तिचा आवाज येणार कुठून?

स्वतः वाचायचं असेल तर मोबाईलवर NORMLEX शोधा, India निवडा आणि C100 उघडा. भारताला विचारलेले प्रश्न तिथं वर्षांनुसार दिसतील. पुढच्या भागात भेटू.