‘सावलीतली कॉफी’ म्हणजे नक्की किती सावली?

लिटरेचर रिव्ह्यूसाठी मी पहिला तक्ता बनवला तेव्हा त्यात एक कॉलम होता : ‘सावली – आहे / नाही’. त्याच्या पुढे ‘जैवविविधता – वाढली / घटली’ आणि ‘उत्पादन – वाढलं / घटलं’. साठेक पेपर वाचून, रकाने भरून, खुशीत मी तो गाईडना दाखवला. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि एकच विचारलं, “वाढली, पण कशाच्या तुलनेत?” मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन महिने तेच पेपर पुन्हा वाचण्यात गेले. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हा लेख.

विषय थोडक्यात असा. कॉफी आणि कोको ही मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढणारी झाडं. कोडगू किंवा चिकमगळूरच्या मळ्यांत आजही कॉफीच्या डोक्यावर फणस, उंबर, जांभूळ उभे दिसतात, आणि त्यांच्यावर मिरीचे वेल चढवलेले असतात. अशा मळ्यात पक्षी, मुंग्या, वटवाघळं बरीच टिकतात. पण सावली फार दाट झाली की कॉफीला फुलं कमी येतात. मग सावली किती ठेवायची? शेतकऱ्यासाठी हा पोटाचा प्रश्न आहे. आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं वाक्य पुढे कुठल्यातरी ‘पर्यावरणपूरक’ लेबलच्या निकषात जाऊन बसू शकतं, त्यामुळे ते ढिलं असून चालत नाही.

आता ‘कशाच्या तुलनेत’ या प्रश्नाकडे येऊ. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक अभ्यासातून एक आकडा काढतात, त्याला रिस्पॉन्स रेशो म्हणतात. दोन ठिकाणांच्या सरासरींचा भागाकार करायचा आणि त्याचा लॉग घ्यायचा. आकडा ऋण आला तर घट, धन आला तर वाढ. एक काल्पनिक उदाहरण घ्या. समजा जंगलात पक्ष्यांच्या ५० जाती मिळाल्या, सावलीतल्या कॉफीत ४० आणि उघड्या, बिनसावलीच्या कॉफीत २०.

```
ln(40 / 50) = -0.22
ln(40 / 20) = +0.69
```

मळा तोच, पक्षी तेच, मोजणीही तीच. जंगलाशी तुलना केली तर ‘जैवविविधता घटली’, उघड्या मळ्याशी केली तर ‘वाढली’. माझ्या पहिल्या तक्त्यात हे दोन्ही प्रकारचे पेपर एकाच कॉलममध्ये होते आणि मी त्यांची बेरीज करून ‘पुरावे संमिश्र आहेत’ असं लिहून मोकळा झालो होतो. पुरावे संमिश्र नव्हते, मी दोन वेगळे प्रश्न एकात कालवले होते. जंगल तोडून कॉफी लावावी का, हा एक प्रश्न. आहे त्या मळ्यातली झाडं काढावीत का, हा दुसरा. कोडगूतल्या बहुतेक शेतकऱ्यांसमोर आज दुसरा प्रश्न आहे.

त्यातही ४० ही फक्त संख्या आहे. त्या ४० मध्ये जंगलातले किती आणि बुलबुल, मैना यांच्यासारखे कुठेही राहणारे किती, हे जातींची नुसती मोजणी सांगत नाही. जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत घरटं करणारा धनेश गेला आणि त्याच्या जागी दयाळ आला, तरी आकडा तोच राहतो. म्हणून पेपरमध्ये जातींची यादी जोडलेली असेल तर ती आवर्जून उघडा. यादीच नसेल तर तशी नोंद करा. तो पेपर ‘जाती किती’ याबद्दल बोलू शकतो, ‘जंगल किती टिकलं’ याबद्दल नाही.

आता सावलीकडे. मेक्सिकोमधल्या चियापास राज्यात, त्सेल्ताल शेतकऱ्यांच्या कॉफीवर सोतो-पिंतो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तो मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. त्यांना दिसलं ते असं : सावली साधारण २३ ते ३८ टक्क्यांपर्यंत वाढताना उत्पादनावर चांगला परिणाम होतो, पुढे ४८ टक्क्यांपर्यंत ते टिकून राहतं, आणि ५० टक्क्यांच्या वर घटू शकतं. म्हणजे आलेख सरळ रेषेचा नाही, टेकडीसारखा आहे. आधी चढ, मग थोडं पठार, मग उतार.

आता विचार करा, एका संशोधकाने १० ते ३५ टक्के सावलीचे मळे निवडले आणि दुसऱ्याने ५० ते ८० टक्क्यांचे. पहिला म्हणेल सावलीने उत्पादन वाढतं, दुसरा म्हणेल घटतं. दोघंही बरोबर आहेत, ते टेकडीच्या दोन बाजूंना उभे आहेत इतकंच. तिसऱ्याने १० ते ८० सगळे मळे घेतले आणि त्यातून सरळ रेषा काढली, तर तिचा उतार शून्याच्या आसपास येईल आणि तो लिहील की सावलीचा उत्पादनाशी संबंध नाही. तिघांत सगळ्यात फसवा निष्कर्ष हाच. म्हणून माझ्या तक्त्यात आता ‘आहे / नाही’ ऐवजी दोन कॉलम आहेत : अभ्यासातली सर्वात कमी सावली किती आणि सर्वात जास्त किती.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे कोकोचे अभ्यास याच नजरेने वाचून पाहा. श्टेफान-डेवेंटर आणि सहकाऱ्यांचा २००७ चा पेपर सांगतो की सावली ८० टक्क्यांच्या वरून ४० टक्क्यांवर आणली तर शेतकऱ्याचं निव्वळ उत्पन्न दुप्पट होतं आणि जैवविविधतेत फारसा बदल होत नाही. हे वाक्य मी अनेक सेमिनारमध्ये ‘सावली निम्मी केली तरी चालते’ अशा अर्थाने ऐकलंय. पेपर तसं म्हणत नाही. तो ८० ते ४० या पट्ट्याबद्दल बोलतो. ४० वरून २० वर आलं तर काय, हे त्या वाक्यात नाही. शिवाय तिथे मोजलंय ते उत्पन्न, म्हणजे पैसा. ते किलोंच्या कॉलममध्ये लिहिता येत नाही, कारण भाव आणि मजुरी बदलली की उत्पन्न बदलतं, किलो तेवढेच राहतात.

त्याच बेटावरचा, क्लाव आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर तर अजून मोहात पाडणारा आहे. लहान शेतकऱ्यांच्या कोको मळ्यांत झाडं, बुरशी, कीटक, पक्षी यांच्या जाती मोजल्या, आणि जास्त उत्पादनाच्या मळ्यांत जाती कमी असतात असं दिसलं नाही. वाचून वाटतं, चला, भांडणच मिटलं! थोडं थांबा. मळ्यांमध्ये फरक फक्त सावलीचा नसतो. कोणी वेळेवर छाटणी करतो, कोणी कीड लागलेल्या शेंगा काढतो, कोणाची झाडं तरुण आहेत. चांगली निगा राखणाऱ्या शेतकऱ्याला दाट सावलीतही बरं पीक मिळतं. त्यामुळे पेपर जे दाखवतो ते मोलाचं आहे : भरपूर जाती आणि भरपूर पीक एकाच मळ्यात असू शकतं. पण एकाच शेतकऱ्याने, बाकी सगळं तसंच ठेवून, झाडं वाढवली तर पीक घटणार नाही, हे यातून सिद्ध होत नाही. अनेक मळ्यांची एकमेकांशी तुलना आणि एका मळ्यातला बदल, या दोन गोष्टी रिव्ह्यू लिहिताना फार पटकन एक होऊन जातात.

उत्पादनाबाबत अजून एक खोच आहे. अरेबिका कॉफीला एक वर्ष भरघोस पीक येतं आणि पुढचं वर्ष हलकं जातं. उघड्या मळ्यात ही चढउतार जास्त तीव्र असते. नेमक्या भरघोस वर्षी मोजणी झाली, तर सावलीचा तोटा फुगून दिसतो. रोबस्टाला वेगळीच गोष्ट लागू होते. कोडगूत फेब्रुवारी-मार्चच्या पावसावर तिचा फुलोरा अवलंबून असतो आणि ज्यांच्याकडे तुषार सिंचन आहे ते पाऊस न आल्यास पाणी देतात. तेव्हा एका हंगामाच्या पेपरमध्ये तुम्ही जो फरक ‘सावलीचा’ समजताय, तो पाण्याच्या पंपाचा असू शकतो. मी आता किती वर्षांचं पीक मोजलं हे लिहितो, आणि एकच वर्ष असेल तर त्या पेपरसमोर लाल खूण करतो.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं ती. सावली मोजतात कशी? बऱ्याचदा डेन्सिओमीटरने. फुगीर आरसा असतो, त्यावर २४ चौकोन कोरलेले. कॉफीच्या रांगेत उभं राहून आरशात वरचं छत्र पाहायचं, प्रत्येक चौकोनाचे मनातल्या मनात चार भाग करायचे, आकाश दिसणारे भाग मोजायचे, चार दिशांना तोंड करून पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची. सोपं आणि स्वस्त. पण आरशाला पान दिसतं, झाड दिसत नाही.

कोडगूत गेली काही दशकं स्थानिक झाडांच्या जागी सिल्व्हर ओक लावला जातोय. हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं झाड. भराभर आणि सरळ वाढतं, मिरीच्या वेलाला छान आधार देतं आणि लाकूड विकता येतं. शिवाय स्थानिक झाड तोडायला परवानग्या लागतात, आणि काही जमिनींवर तर त्या झाडांचा पूर्ण हक्कच शेतकऱ्याकडे नसतो. सिल्व्हर ओकला ती कटकट नाही. शेतकऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच लावलं असतं. आता एका मळ्यात ६० टक्के सावली उंबर, फणस, जांभळाची आहे, आणि शेजारच्यात ६० टक्के सिल्व्हर ओकची. डेन्सिओमीटरला दोन्ही सारखे. उंबराची फळं खाणाऱ्या तांबटाला किंवा धनेशाला ते सारखे नाहीत. सावलीच्या टक्क्यावर सगळे पेपर लावले, तर हे दोन मळे आलेखावर एकाच उभ्या रेषेत येतात, आणि त्यांच्यातला फरक आपण ‘नॉइज’ म्हणून सोडून देतो.

म्हणून तिसरा कॉलम : सावली कुणाची? निम्म्याहून अधिक पेपरांत हे सरळ लिहिलेलं नव्हतं. ‘अभ्यासक्षेत्र’ या भागात एखादं वाक्य सापडतं, कधी पुरवणी फाईलमध्ये झाडांची यादी असते, कधी काहीच नसतं. माझ्या रिव्ह्यूतले अकरा पेपर एवढ्याच कारणाने मुख्य विश्लेषणातून बाहेर गेले, त्यातले दोन माझे लाडके होते. गाईडना नवा तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी पुन्हा एक बोट ठेवलं, यावेळी ‘उत्पादन’ या शब्दावर. “फक्त कॉफीचंच? आणि त्या झाडांवरची मिरी?”

मिरीचा कॉलम आता भरतोय.