फोटोतला पत्ता वाटेत कुठे गळतो?

परतीच्या पावसाने फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या शेतात आल्याचं पीक पाण्याखाली गेलं, की शेतकरी आधी मोबाइल काढून फोटो घेतो. लोकेशन चालू असेल आणि कॅमेऱ्याला त्याची परवानगी असेल, तर त्या जेपीईजी फाइलच्या सुरुवातीला एक छुपी नोंद बसते. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. जपानी उद्योगसंघटनेने १९९५मध्ये ठरवलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक फोन वापरतो. फोनचं मॉडेल, फोटो काढल्याची वेळ, शटरचा वेग हे सगळं तीत असतं. शिवाय अक्षांश-रेखांश असतात. फुलंब्रीत ते साधारण २०.१ उत्तर आणि ७५.४ पूर्व असे येतील, पण नोंद त्याहून पुष्कळ बारीक असते. अक्षांशातला एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि फोन सेकंदाचेही अंश लिहितो. म्हणजे गावच काय, बांधसुद्धा कळतो.

आता हा फोटो नेहमीप्रमाणे व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर अॅप तो लहान करून नव्याने लिहितं आणि छुपी नोंद गळून पडते. समोरच्याला मिळते IMG-20241012-WA0007.jpg अशा नावाची फाइल. त्या नावातली तारीखही फोटो मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलला जोडून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि पत्ताही सोबत जातो.

मग फोटोच्या कोपऱ्यात ठिकाण छापणाऱ्या कॅमेरा अॅपचं काय? ती अक्षरं चित्राचाच भाग असतात, म्हणून व्हॉट्सअॅपवरूनही शाबूत पोहोचतात. राज्यात १५ ऑगस्ट २०२१पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची रीत आणखी वेगळी. तिथे अॅप स्वतःच फोनकडून स्थान घेऊन फोटोसोबत नोंदवतं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. नोंद फोन कुठे होता ते सांगते, पीक कुठे आहे ते नाही. जीपीएसला आकाश नीट दिसत नसेल, तर जुनं किंवा चुकीचं स्थानही चिकटतं. शिवाय एक्झिफ बदलता येतं आणि छापील अक्षरंही बदलता येतात. त्यामुळे दोन्ही खुणा आहेत, पुरावा नव्हे.

खात्री करायची तर गॅलरीत फोटो उघडून ‘तपशील’ पाहा. नकाशा दिसला तर पत्ता आत आहे. नुकसानीचा फोटो पाठवताना तो पत्ता कामी येईल, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल जपून ठेवा. घरचे, मुलांचे किंवा विक्रीच्या वस्तूंचे फोटो अनोळखी माणसाला मूळ फाइल म्हणून कधीही देऊ नका.