थकलेल्या बिलावरचं व्याज

सुरतच्या कापड व्यवहारात ९० दिवसांची उधारी नवी नाही. मात्र २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाला पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांचीच.

समजा, पांडेसऱ्यातल्या यंत्रमागवाल्याने १० लाखांचं कोरं कापड दिलं, मोठ्या खरेदीदाराने ते १ एप्रिलला स्वीकारलं आणि बिलावर ९० दिवस लिहिले. तरी मुदत १६ मेलाच संपते. १७ मेपासून रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. हिशेबापुरता बँक दर ६ टक्के धरला तर महिन्याला दीड टक्का. मुद्दल १६ ऑगस्टला आली, तर तीन महिन्यांचं व्याज ४५,६७८ रुपये. मुद्दल मिळाली म्हणून व्याजाचा हक्क बुडत नाही.

नोटिशीत बिल क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख, उद्यम नोंदणी क्रमांक आणि हा हिशेब हवा. सही-शिक्क्याचं चलन जोडायलाच हवं, कारण सगळे दिवस त्यावरून मोजले जातात. ‘माल खराब होता’ हे उत्तर बहुतेकदा येतंच. पण तशी हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घेतलेली नसेल, तर मुदत पुढे सरकत नाही.

खरी अडचण नोंदणीची. माल दिल्यानंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं. नोटिशीला दाद मिळाली नाही, तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.