उसना महिना किती दिवसांचा?

नोकरीच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर किंवा सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर अमुक तारखेस उमेदवाराचे वय किती वर्षे, किती महिने व किती दिवस, असा जो रकाना असतो, तो भरताना आपण शाळेत शिकलेली वजाबाकी वापरतो. आणि दिवसांतून दिवस वजा जात नसतील, तर शेजारच्या महिन्याकडून तीस दिवस उसने घेऊन मोकळे होतो. परंतु महिना हे काही रुपयासारखे ठराविक किमतीचे नाणे नव्हे. तो कधी अठ्ठावीस दिवसांचा, तर कधी एकतीस दिवसांचा असतो, आणि वयाच्या हिशेबातील बहुतेक घोळ या उसन्या महिन्यापाशीच होतात.

25 ऑगस्ट 2001 रोजी जन्मलेल्या उमेदवाराचे 10 जून 2024 रोजीचे वय काढावयाचे आहे, असे समजू. तीस दिवस उसने घेतल्यास उत्तर 22 वर्षे, 9 महिने, 15 दिवस येते. प्रत्यक्ष दिनदर्शिका उघडून पाहिली, तर 25 मे 2024 रोजी 22 वर्षे 9 महिने पूर्ण होतात, आणि मे महिना एकतीस दिवसांचा असल्यामुळे तेथून 10 जूनपर्यंत 16 दिवस जातात. दुसरा एक रूढ मार्ग म्हणजे एकूण दिवसांना 365.25 ने भागणे. तोही ऐन मोक्याच्या दिवशी दगा देतो: 1 मार्च 2001 चा जन्म असलेल्यास 1 मार्च 2019 रोजी 6574 दिवस होतात, अठरा वर्षांना या मापाने 6574.5 लागतात, आणि 1875 च्या भारतीय सज्ञानता कायद्याप्रमाणे त्या दिवसाच्या प्रारंभीच सज्ञान झालेला मनुष्य कागदोपत्री सतरा वर्षांचाच राहतो.

एक्सेलमधील DATEDIF हे सूत्र भागाकाराच्या भानगडीत न पडता दिनदर्शिकेनेच मोजते. लोटस 1-2-3 या जुन्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून ते ठेवलेले असल्यामुळे टंकताना सुचवण्यांच्या यादीत ते दिसत नाही. पूर्ण नाव स्वतःच लिहावे लागते. A2 मध्ये जन्मतारीख व B2 मध्ये ज्या दिवशीचे वय हवे ती तारीख असेल, तर:

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
=DATEDIF(A2,B2,"YM")
=DATEDIF(A2,B2,"MD")
```

पहिले सूत्र पूर्ण वर्षे, दुसरे त्यांवरील पूर्ण महिने व तिसरे उरलेले दिवस देते, आणि वरील उमेदवारासाठी 22, 9, 16 असे बिनचूक उत्तर येते. तारखांची अदलाबदल झाल्यास #NUM! असा शेरा उमटतो.

पहिली दोन सूत्रे निर्धास्तपणे वापरावीत. तिसऱ्याविषयी मात्र खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सावधगिरीची सूचना दिलेली आहे. जन्म 31 जानेवारी 2005 चा आणि तारीख 1 मार्च 2023 ची घातली, तर 18 वर्षे, 1 महिना आणि उणे 2 दिवस असे अजब वय निघते. याचे कारण असे की, दिवस वजा जात नसतील तेव्हा हे सूत्र अखेरच्या तारखेच्या मागील महिन्यात जन्माचा दिनांक मांडून तेथून पुढे मोजते. येथे ते 31 फेब्रुवारी शोधू लागते, तो नसल्यामुळे तीन दिवस पुढे, 3 मार्चवर जाऊन पोहोचते, आणि तेथून 1 मार्चकडे उलटे मोजते. उणे आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. अखेरची तारीख 5 मार्च असती तर उत्तर 2 आले असते, जे दिसण्यात निरुपद्रवी परंतु साफ चुकीचे आहे, आणि माझ्या मते कारकुनास अधिक भय याच उत्तराचे असावे. जन्म महिन्याच्या 28 तारखेपर्यंतचा असेल, तर हा दोष संभवत नाही, कारण तो दिनांक प्रत्येक महिन्यात असतोच. 29, 30 व 31 या तीन तारखांचेच लोक यात सापडतात.

उपाय सोपा आहे. एकूण पूर्ण महिने जन्मतारखेत मिळवून जी तारीख येते, तेथून दिवस मोजावेत:

```
=B2-EDATE(A2,DATEDIF(A2,B2,"M"))
```

EDATE ला 31 फेब्रुवारी सापडला नाही, तर ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबते. म्हणून 1 मार्चला 1 दिवस आणि 5 मार्चला 5 दिवस असे योग्य उत्तर मिळते. उत्तराच्या जागी एखादी तारीखच दिसू लागली, तर त्या घराचे स्वरूप General करावे.

आपल्या दप्तरात वयाचा असा तक्ता तयार असेल, तर त्यात एकदा 31 जानेवारी 2005 व 5 मार्च 2023 या तारखा घालून पाहाव्यात. दिवसांच्या रकान्यात 5 ऐवजी 2 दिसले, तर तिसरे सूत्र बदलून 29, 30 व 31 तारखांना जन्मलेल्यांच्या नोंदी पुन्हा तपासून घ्याव्यात.