किमान, कमाल आणि नेमके

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले. डँटझिग तेव्हा रँड कॉर्पोरेशनमध्ये होते, आणि मर्यादित साधनांतून सर्वांत फायदेशीर वाटप शोधून काढणारी ‘सिम्प्लेक्स’ ही रीत त्यांनी काही वर्षांपूर्वीच तयार केली होती. आहाराचा प्रश्नही त्यांनी यंत्रालाच घातला. उष्मांक दिवसाला १,५०० पेक्षा जास्त नकोत, पोषक घटक ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी नकोत, आणि एवढ्यात पोट जास्तीत जास्त भरल्यासारखे वाटावे. पोट भरण्याचे माप म्हणून त्यांनी अन्नाचे वजन धरले, त्यातले पाणी वजा करून.

यंत्राने सुचवलेल्या आहारात ५०० गॅलन, म्हणजे जवळजवळ १,९०० लिटर व्हिनेगर होते.

तक्त्यात व्हिनेगरमधले पाणी शून्य लिहिलेले होते, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने ते उष्मांकांशिवाय पोट भरणारे उत्तम अन्न ठरले. डँटझिग यांनी व्हिनेगर यादीतून काढले. पुढच्या उत्तरात सूपच्या खारट वड्या आल्या, दिवसाला दोनशे. मीठ किती खावे याची वरची मर्यादा पोषणाच्या तक्त्यांत नव्हतीच. इतके मीठ कोणी खाणार नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले. मग वड्यांवर ‘जास्तीत जास्त तीन’ अशी अट आली. त्यानंतरच्या उत्तरात दोन पौंड कोंडा निघाला, आणि कोंड्यालाही मर्यादा घातल्यावर काकवीसारखी दाट मळी. हा सगळा प्रकार डँटझिग यांनी स्वतःच १९९० साली लिहून ठेवला आहे.

गणित एकाही वेळी चुकले नव्हते. बोलताना जी अट सांगायची कोणाला गरज वाटली नाही, ती समीकरणांत नव्हती, एवढेच. याआधी १९४५ साली अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त आहार शोधला होता. त्यांच्या नऊच्या नऊ पोषक घटकांना फक्त किमान मर्यादा होत्या. उत्तरात एका माणसासाठी वर्षाला ३७० पौंड गव्हाचे पीठ, २८५ पौंड वाळलेला घेवडा, १११ पौंड कोबी, थोडा पालक आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे आले. खर्च ३९ डॉलर ९३ सेंट. ‘एकच पदार्थ किती खाववेल’ ही अट कुठेच नव्हती.

माणसाच्या आहारातले असे उत्तर वाचताक्षणी खटकते. गाईच्या खुराकात ते तितक्या लवकर खटकत नाही, आणि अटी लिहिताना नवशिक्याचे काय चुकते ते तिथे जास्त स्पष्ट दिसते. पशुखाद्याचे कारखाने कमीत कमी खर्चातले मिश्रण याच रीतीने काढतात. भारतीय मानक ब्यूरोच्या पशुखाद्याच्या मानकातही प्रथिनांना किमान आणि ओलाव्याला कमाल मर्यादा दिलेली असते. म्हणजे दोन्ही दिशांच्या अटी एकाच पोत्यात.

समजा, दुभत्या गाईंसाठी १०० किलो सुग्रास तयार करायचे आहे. सांगणारा असे सांगतो: खनिज मिश्रण नेमके २ किलो आणि मीठ नेमके १ किलो घाला. मका भरडा किमान ३० किलो हवा. गव्हाचा कोंडा ४० किलोच्या वर नको. प्रथिने किमान २० टक्के हवीत. युरिया एक टक्क्यापेक्षा जास्त होता कामा नये. उरलेले शेंगदाणा पेंडीने भरा, आणि खर्च कमीत कमी ठेवा.

युरिया इथे कशाला, असे शहरी वाचकाला वाटेल. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव युरियातल्या नत्रापासून प्रथिने बनवतात, म्हणून प्रथिनांच्या हिशेबात एक किलो युरिया सुमारे २.८७ किलो प्रथिनांइतका धरला जातो. पेंडीत ही प्रथिने ४५ टक्के, कोंड्यात १५ आणि मक्यात ९ टक्के धरू. मात्र युरिया जास्त झाला तर पोटात अमोनिया वेगाने तयार होतो आणि जनावर विषबाधेने दगावू शकते. किलोचे भाव हिशेबापुरते असे धरू: मका २४ रुपये, पेंड ४८, कोंडा २२ आणि युरिया ७.

मका `m`, पेंड `p`, कोंडा `k` आणि युरिया `u` किलो मानले, तर खनिज आणि मिठाचे ३ किलो वजा जाता अटी अशा होतात:

```
m + p + k + u = 97
0.09m + 0.45p + 0.15k + 2.87u >= 20
m >= 30
k <= 40
u <= 1
p, k, u >= 0
```

याचे उत्तर मका सुमारे ३९.१ किलो, पेंड १६.९, कोंडा ४० आणि युरिया १ किलो असे येते. खर्च सुमारे २,६३७ रुपये. आता यातली एकेक ओळ चुकवून पाहू.

सर्वांत जास्त होणारी चूक युरियाच्या ओळीत होते. ‘जास्तीत जास्त एक किलो’ ऐकले की नवशिक्याचे लक्ष ‘जास्त’वर थांबते आणि तो `u >= 1` लिहितो. ‘कमीत कमी’ ऐकल्यावर ‘कमी’ला धरून `<=` लिहिणे ही याच चुकीची दुसरी बाजू. ‘वीसपेक्षा कमी नको’ यात ‘कमी’ आहे, पण चिन्ह मात्र `>=` हवे. म्हणून शब्दाशेजारी चिन्ह पाठ करण्यापेक्षा एक आकडा घालून विचारावे: अर्धा किलो युरिया चालेल का? चालेल. मग `u` च्या जागी ०.५ ठेवून पाहावे. `0.5 >= 1` खोटे ठरते, म्हणजे चालणारी गोष्ट अटीने नाकारली. चिन्ह उलटे पडले आहे. सीमेवरचा आकडाही असाच तपासावा. बरोबर एक किलो चालतो, म्हणून चिन्हात ‘बरोबर’ची रेघ हवीच.

चिन्ह उलटे राहिलेच तर उत्तर येते ३० किलो मका आणि ६७ किलो युरिया, कारण भावात तोच सर्वांत स्वस्त. शंभर किलोच्या पोत्यात प्रथिने १९५ किलो भरतात. हे डँटझिग यांच्या व्हिनेगरसारखे आहे, कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही.

खरा धोका पुढे आहे. समजा युरियाची ओळ लिहायची राहिली, आणि ‘किमान २० टक्के’ हे नवशिक्याने ‘२० टक्के’ असे समजून प्रथिनांच्या ओळीत `=` टाकले. आता उत्तर येते मका ५३.८ किलो, कोंडा ४०, युरिया ३.२ आणि पेंड शून्य. खर्च २,१९४ रुपये. ६७ किलो युरिया या उत्तरात बसत नाही, कारण प्रथिने नेमकी वीसवर अडवून ठेवली आहेत. सगळे आकडे मोजके दिसतात, बेरीज जुळते, पोत्यामागे चारशेहून अधिक रुपये वाचल्यासारखे वाटते. आणि मिश्रणात युरिया मर्यादेच्या तिप्पट असतो. एका चुकीने दुसरीला झाकले. बेताल उत्तर माणूस फेकून देतो. असे बेताचे उत्तर गोठ्यापर्यंत पोहोचते.

मग बरोबर उत्तरात तरी प्रथिने कुठे वीसच्या वर गेली? गेली नाहीत. प्रथिने महाग असल्याने खर्च वाचवणारे गणित त्यांना आपोआप किमान मर्यादेला आणून टेकवते. उत्तरात बरोबरी दिसली म्हणून अटीतही बरोबरी लिहावी, असे मात्र नाही. उद्या पेंड कोंड्याहून स्वस्त झाली, तर वीसपेक्षा जास्त प्रथिनांचे मिश्रण कमी पैशांत मिळेल, आणि `=` लिहिणाऱ्याला ते दिसणारच नाही. प्रथिनांना वरची मर्यादा हवी असेल, तर ती वेगळ्या ओळीत लिहावी.

उलट, जिथे ‘नेमके’ हवे तिथे सैल सोडले तर गणित लगेच फायदा घेते. पोते १०० किलोचे आहे, त्याहून जास्त मावणार नाही, असा विचार करून पहिल्या ओळीत `<= 97` लिहिले, की उत्तर येते मका ३०, पेंड ३२.१, कोंडा शून्य आणि युरिया १ किलो. खर्च २,२६६ रुपये. प्रथिने वीस किलो भरली, युरियाची मर्यादा पाळली, एकही अट मोडली नाही. फक्त पोत्यात खनिज आणि मीठ धरून ६६ किलोच माल आहे. खर्च वाचवायला सांगितले, आणि माल किती हवा ते सांगितले नाही. ही चूक ओळखायला उत्तरातल्या किलोंची बेरीज पुरते.

टक्केवारीचा घोळ वेगळा. वरच्या अटीत `u <= 1` चालले, कारण घाणा शंभर किलोचा होता आणि एक टक्का म्हणजे एक किलो. हीच फाईल पुढच्या महिन्यात ५०० किलोंसाठी वापरली, पहिली ओळ ४८५ केली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या, तर वीस किलो प्रथिनांची अट ४ टक्क्यांची होऊन बसते. पोते भरते, गाय खाते, दूध उतरते, आणि कारण कोणाला सापडत नाही. एकूण वजन `T` धरून `u <= 0.01T` आणि प्रथिनांच्या ओळीत `>= 0.20T` असे लिहिले, की घाणा कितीही असो, अट तीच राहते.

पटीची वाक्ये अनुभवी माणसालाही फसवतात. ‘कोंडा मक्याच्या किमान दुप्पट हवा’ हे ऐकून पुष्कळ जण `2k >= m` लिहितात, कारण वाक्यात कोंडा आधी येतो आणि दोन हा आकडा त्यालाच चिकटवावासा वाटतो. १९८०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे समीकरणात मांडायला सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक जणांचे उत्तर चुकले, आणि चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी सहाचा आकडा विद्यार्थ्यांशेजारी लिहिला होता. इथेही आकडा घालून पाहणे हाच उपाय आहे. मका १० किलो असेल तर कोंडा २० हवा, १५ चालणार नाही. `2k >= m` मध्ये १५ सहज पास होतो, `k >= 2m` मध्ये होत नाही.

संगणकावर एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये प्रत्येक अटीसाठी `<=`, `=`, `>=` यांतून एक चिन्ह निवडावे लागते, आणि सगळ्या चुका त्या एका निवडीत होतात. म्हणून ‘Solve’ दाबण्याआधी दोन मिश्रणे हाताने घालून पाहावीत. एक, गोठ्यात वर्षानुवर्षे चाललेले चांगले मिश्रण: ते सगळ्या ओळींतून पार व्हायला हवे. दुसरे, मुद्दाम बिघडवलेले, म्हणजे युरिया तीन किलो किंवा एकूण माल सत्तर किलो: ते कुठल्या तरी ओळीत अडायला हवे. चांगले मिश्रण अडले, तर ज्या ओळीत अडले तिथले चिन्ह किंवा आकडा चुकला आहे. वाईट मिश्रण पार झाले, तर एखादी अट लिहायचीच राहिली आहे, आणि ती कोणती हे ज्याने मिश्रण सांगितले त्यालाच पुन्हा विचारावे लागते.