दिवसभर स्क्रीनसमोर काम : चष्म्याची फ्रेम, काच आणि कोटिंग कसे निवडाल?

आपले सरकार सेवा केंद्र, पतसंस्था, तहसील कार्यालय, शाळेचे ऑफिस. लोणारसारख्या तालुक्याच्या गावातही आता सात-आठ तास संगणकासमोर बसणारे बरेच जण आहेत. संध्याकाळी डोळे जड होतात, कपाळ आणि मान दुखते. मग "कॉम्प्युटरचा चष्मा" घ्यायला दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "ब्ल्यू कट देऊ का?" खरे तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : तुमची स्क्रीन डोळ्यांपासून किती अंतरावर आहे?

हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, सेवा केंद्र चालवणारे ४८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.५० आणि वाचनासाठी त्यात +२.०० ची भर. म्हणजे जवळचा नंबर +२.५०. त्यांच्याकडे बायफोकल चष्मा आहे. कागद छान दिसतो, रस्ता छान दिसतो, पण मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर आहे आणि त्रास तिथेच होतो.

कारण असे. चष्म्याच्या खालच्या, वाचनाच्या भागातून त्यांना फार तर ५० सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसते. म्हणून ते हनुवटी वर करून, मान पुढे काढून स्क्रीनजवळ जातात. दिवसभर असे बसल्यावर मान दुखणारच. वरच्या भागातून पाहिले तर ६५ सेंटिमीटरवर नजर स्थिर करायला डोळ्याला स्वतःच्या बळावर सुमारे दीड नंबर इतका जोर लावावा लागतो. या वयात डोळ्याची ती ताकद जेमतेम तेवढीच उरलेली असते. पंधरा मिनिटे जमते, चार तास जमत नाही.

त्यांना हवा असतो मधल्या अंतराचा नंबर. साधारणपणे वाचनाच्या भरीच्या निम्मी भर इथे पुरते, म्हणजे +०.५० मध्ये +१.००, एकूण +१.५०. हा एकाच नंबरचा, बिना रेषेचा चष्मा टेबलावर ठेवायचा आणि स्क्रीनसमोर लावायचा. त्यातून एक मीटरपलीकडचे धूसर दिसते, तेव्हा तो लावून मोटारसायकल चालवायची नाही. लगतचा कागद सतत बारकाईने वाचायचा असेल, तर मात्र मधल्या व जवळच्या अंतरासाठी बनवलेल्या "ऑफिस" काचा अधिक सोयीच्या. त्या महाग असतात.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्यांचा लांबचा नंबर -१.०० आहे आणि वय पंचेचाळीसच्या आसपास, त्यांना हाच हिशेब केला तर उत्तर शून्याच्या जवळ येते. अशा व्यक्तीला चष्मा काढून ठेवला तरी स्क्रीन आरामात वाचता येते. नवीन चष्म्याची गरजच नसते.

म्हणून तपासणीला जाण्याआधी घरच्या टेपने डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचे अंतर मोजा, आकडा लिहून न्या आणि त्याच अंतरावर अक्षरे धरून नंबर तपासायला सांगा. मधुमेह असेल आणि साखर सध्या वरखाली होत असेल, तर नंबरही बदलत राहतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच चष्मा बनवा, नाहीतर पैसे वाया जातात.

कोटिंग : कोणते कामाचे, कोणते नाही

स्क्रीनवर काम करणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते ते अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग, ज्याला दुकानात एआरसी म्हणतात. साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. तुमच्या पाठीमागे उघडे दार किंवा ट्यूबलाइट असेल, तर तिचे प्रतिबिंब काचेच्या आतल्या बाजूला पडून थेट डोळ्यात येते आणि अक्षरे फिकी दिसतात. एआरसीने हे बरेच कमी होते. दुकानातच पडताळा घ्या : काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ते पांढरे, ठळक असेल तर कोटिंग नाही. फिकट हिरवे किंवा निळसर असेल तर आहे.

ब्ल्यू कटबद्दल स्पष्टच सांगतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत निळा प्रकाश गाळणाऱ्या काचेने संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यात दिसले नाही. त्या चाचण्या थोड्या काळाच्या होत्या हे खरे, पण वेगळे पैसे मोजावेत असा पुरावा आज नाही. एआरसीसोबत फुकट मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात म्हणून. त्यावर कोणतेच कोटिंग चालत नाही.

कोटिंगचा शत्रू म्हणजे आपला उन्हाळा. प्लास्टिक उष्णतेने जास्त प्रसरण पावते, वरचा पातळ थर तेवढा पावत नाही, आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा जातात. एप्रिल-मे मध्ये चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. धुळीची काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली की चरे पडतात. आधी साध्या पाण्याखाली धरा, मग मऊ कापडाने टिपा.

फ्रेम आणि ब्रँड

फ्रेमच्या काडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरचा पूल, काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन्हींची बेरीज ७०. तुमच्या दोन बुबुळांमधले अंतर ६२ असेल, तर प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर आत सरकवावा लागतो. फ्रेम जितकी मोठी, तितके हे सरकवणे जास्त आणि चुकले तर डोळ्यांवर ताण. नंबर मोठा असेल तर हे फार जाणवते. म्हणून बेरीज बुबुळांच्या अंतराच्या जवळ जाणारी, हलकी फ्रेम घ्या. घामाने चष्मा घसरत असेल, तर वाकवता येणारे नोजपॅड असलेली बरी.

ब्रँडची तुलना करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : फ्रेमचे नाव, काच बनवणारी कंपनी आणि दुकान. रे-बॅन किंवा व्होग फ्रेमचे नाव सांगते, आत कोणती काच बसवली ते सांगत नाही. एसिलॉर (त्यांच्या कोटिंगचे नाव क्रिझाल), झाइस, होया या काचेच्या कंपन्या. टायटन आय प्लस आणि लेन्सकार्ट ही दुकानांची साखळी आहे. तिथे स्वतःच्या नावाच्या काचाही मिळतात. आपल्या उदाहरणातल्या +१.५० नंबरला साधी १.५ इंडेक्सची काच आणि चांगले एआरसी पुरेसे आहे. "पातळ काच" म्हणून १.६७ घेण्याची गरज नाही. उलट ती प्रकाश जास्त परावर्तित करते.

बिलावर कंपनी, इंडेक्स, कोटिंगचे नाव आणि कोटिंगच्या वॉरंटीची मुदत लिहून घ्या. नुसते "एआरसी ग्लास" लिहिले असेल तर पुढे काही मागता येत नाही. कंपनीची काच असेल तर तिचे कार्डही मागा. चष्मा जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून घेणार असाल, तर फ्रेम सैल झाली, नंबर पटला नाही, तर पुन्हा तिथपर्यंत जावे लागेल, हे किमतीत धरा. लोणार किंवा मेहकरच्या दुकानदाराकडे तीच काच मागवून मिळते का, हे आधी विचारून पाहा.

नवीन चष्मा सुरुवातीला तीन-चार दिवस वेगळा वाटू शकतो. दोन आठवड्यांनंतरही एक डोळा झाकल्यावरच बरे वाटत असेल, किंवा दोन दोन दिसत असेल, तर चष्मा आणि नंबरची चिठ्ठी दोन्ही घेऊन परत या. काचेचा नंबर आणि मध्य लेन्सोमीटरवर पाच मिनिटांत तपासता येतो. अचानक नजर कमी झाली, विजेसारख्या चमका दिसल्या किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर मात्र चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.